फ्लोचार्टचा फक्त स्क्रीनशॉट आहे, त्याच्या नंबरवार पायऱ्या करायच्या आहेत, एकही फाटा सुटायला नको

बेसा_सोसायटी
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत नवीन मोटर बसवली आणि बसवणाऱ्यानं ती कशी चालवायची याचा फ्लोचार्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, फाइल नाही, स्क्रीनशॉट, तोही फॉरवर्ड होऊन होऊन धुरकट झालेला. मला त्यातून दोन गोष्टी हव्या आहेत, एक म्हणजे चौकीदार काकांसाठी मोटरच्या खोलीत लावायला साध्या मराठीत पायऱ्या, आणि दुसरं म्हणजे माझा भाचा पॉलिटेक्निकला आहे त्याला याचाच छोटा कंट्रोलर बनवायचा आहे तर त्याच्यासाठी स्यूडोकोड.

चित्र शब्दात सांगते. वर "सुरुवात", खाली "प्रयत्न = 0" असा चौकोन. मग डायमंड, "वरची टाकी भरली?". भरली असेल तर बाण डावीकडे "10 मिनिटं थांबा" या चौकोनाकडे, नसेल तर खाली दुसरा डायमंड, "संपात पाणी आहे?". नसेल तर तोच डावीकडचा थांबा-चौकोन, असेल तर खाली "मोटर सुरू करा, 2 मिनिटं थांबा". त्याखाली "वर पाणी पडतंय?". पडत असेल तर खाली परत टाकी भरली का आणि संपात पाणी आहे का असे दोन डायमंड, त्यांच्या डाव्या बाजूला "मोटर बंद". पाणी पडत नसेल तर उजवीकडे "मोटर बंद, प्रयत्न + 1", मग "प्रयत्न = 3?", तीन झाले तर "सेक्रेटरीला फोन" आणि "शेवट", नाही झाले तर "मोटरमध्ये पाणी भरा" आणि तिथून एक लांब रेघ कडेकडेनं पार वरपर्यंत जाते.

वरून खाली लिहीत गेलं की मधली ओळ नीट उतरते पण बाजूचे चौकोन कुठे लिहायचे तेच कळत नाही, आणि वर जाणारे बाण तर लिहिताच येत नाहीत. कसं करायचं?

सीताबर्डी_मोबाइल
ताई सोप्पं आहे, फोटो लेन्समध्ये उघडा, सगळं सिलेक्ट करा, कॉपी टेक्स्ट. एका मिनिटाचं काम. मराठी पण उचलते आता, मी दुकानात बिलं अशीच उचलतो.

बेसा_सोसायटी
दादा ते केलं. शब्द सगळे आले हो, पण बाण कुठे येतात त्यात. डावीकडचा चौकोन आणि मधला डायमंड एकाच ओळीत मिसळले आणि शेवटी नुसतं "हो नाही नाही हो हो" असं एकाखाली एक आलंय. कोणता हो कोणाचा ते चित्रात बघूनच ठरवावं लागणार.

पॉली_थर्ड_इयर
मॅडम नेस्टेड इफ-एल्स करा ना, डायरेक्ट होते. नियम असा की "हो" खाली जातो आणि "नाही" बाजूला, मग खाली जाणारं सगळं इफच्या आत टाकायचं आणि बाजूचं एल्समध्ये. "जा पायरी अमुक" वगैरे नका लिहू, गो-टू वापरलं की आमचे सर मार्क कापतात.

```
जर टाकी भरली नाही
    जर संपात पाणी आहे
        मोटर सुरू, 2 मिनिटं थांब
        जर पाणी पडतंय
            टाकी भरेपर्यंत चालू ठेव
            मोटर बंद
        नाहीतर
            मोटर बंद, प्रयत्न + 1
            जर प्रयत्न == 3 तर फोन
            नाहीतर पाणी भर
```

धरमपेठकर
बेटा, याचा सांगाडा चुकीचा नाही, पण यात काय काय गळलं ते बघ. मोटर चालू असताना संप रिकामा झाला तर काय, तो डायमंड तुझ्याकडे नाहीच. "टाकी भरेपर्यंत चालू ठेव" या एका ओळीत तू दोन डायमंड दाबून टाकले आणि एक हरवला. दुसरं, पाणी भरल्यावर कुठे जायचं ते लिहिलंच नाही, कारण इफ-एल्समध्ये परत वर जायला जागाच नसते. आणि "हो म्हणजे खाली" असं काही नसतं, ताईंनीच लिहिलंय की पहिल्या डायमंडचा हो डावीकडे जातो. काढणाऱ्याला जिकडे जागा सापडली तिकडे त्याने बाण काढला. दिशा बघून लेबल ठरवायचं नाही, बाणावर जे लिहिलंय तेच घ्यायचं. मोटर चालू असताना तू हो-नाही उलटा धरला तर टाकी भरली तरी मोटर चालूच आणि गच्चीवरून पाणी खाली.

ताई, आधी चौकोन विसरा, बाण पकडा. मी प्रोसेस मॅन्युअल उतरवायचं काम बरीच वर्षं केलं, त्यात हाच क्रम ठेवायचो. प्रिंट काढा, प्रत्येक आकृतीला पेनानं नंबर द्या, चौकोन असो डायमंड असो की सुरुवात-शेवट. नंबर कोणत्या क्रमानं दिले यानं काही बिघडत नाही, एका आकृतीला एकच नंबर एवढंच पाहिजे. मग प्रत्येक नंबरसाठी एक ओळ, आणि ओळीच्या शेवटी तिथून निघणारा प्रत्येक बाण कुठे जाऊन टेकतो तो नंबर. "पुढची पायरी" असं मनात धरायचं नाही, खालीच असली तरी नंबर लिहायचा. तुमचा "10 मिनिटं थांबा" दोन-तीन ठिकाणाहून येतो, तर तो दोन-तीनदा लिहायचा नाही, एकदाच लिहायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या नंबरकडे बोट दाखवायचं. अशानं बाजूचे चौकोन कुठे लिहायचे हा प्रश्नच उरत नाही आणि वर जाणारा बाण पण बाकीच्यांसारखाच एक नंबर होतो.

बेसा_सोसायटी
हे जमलं सर. प्रिंट काढून नंबर टाकले. बघा,

```
1   सुरुवात → 2
2   प्रयत्न = 0 → 3
3   वरची टाकी भरली?     हो → 4    नाही → 5
4   10 मिनिटं थांबा → 2
5   संपात पाणी आहे?     हो → 6    नाही → 4
6   मोटर सुरू, 2 मिनिटं थांबा → 7
7   वर पाणी पडतंय?      हो → 8    नाही → 11
8   वरची टाकी भरली?     हो → 10   नाही → 9
9   संपात पाणी आहे?     नाही → 10
10  मोटर बंद → 4
11  मोटर बंद, प्रयत्न + 1 → 12
12  प्रयत्न = 3?         हो → 14   नाही → 13
13  मोटरमध्ये पाणी भरा → ?
14  सेक्रेटरीला फोन → 15
15  शेवट
```

13 चा बाण वर कुठे टेकतो ते धुरकट आहे म्हणून प्रश्नचिन्ह टाकलं. बाकी झालं ना?

धरमपेठकर
छान उतरवलं. प्रश्नचिन्ह टाकलं ते फार बरं केलं, अंदाजानं नंबर भरला असता तर नंतर कोणाला कळलंच नसतं की तो अंदाज आहे.

आता मोजणी करा. शेवट सोडून प्रत्येक आकृतीतून निदान एक बाण निघालाच पाहिजे, आणि हो-नाहीच्या डायमंडमधून दोन. तुमच्याकडे 15 आकृत्या, एक शेवट, म्हणजे 14. डायमंड 6 आहेत, त्यांचा प्रत्येकी एक जास्तीचा, म्हणजे 14 आणि 6 मिळून 20 बाण. तुमच्या यादीत प्रश्नचिन्हासकट 19 भरतात. एक कमी आहे. ज्या डायमंडपुढे एकच फाटा लिहिलाय तिथे बघा.

बेसा_सोसायटी
9! बरोबर, त्याला "हो" नाहीच लिहिला मी. चित्रातच त्या बाजूला काही लिहिलेलं नाही म्हणून सुटलं. आता झूम करून बघितलं तर 9 च्या उजव्या कोपऱ्यातून बिनलेबलची एक बारीक रेघ निघते, वर जाते, आणि 7 मधून 11 कडे जी रेघ जाते तिला मध्येच भेटते. म्हणजे ती 11 ला जाते का? 9 हो → 11?

पॉली_थर्ड_इयर
हो मॅडम, रेघा भेटल्या म्हणजे मर्ज. 11 च असेल.

हिंगणा_शिफ्ट
अरे थांब बे. अर्थ काय झाला त्याचा? पाणी पडून रायलं, टाकी भरायची आहे, संपात पाणी आहे, सगळं ठीक, आणि मोटर बंद करून फेल प्रयत्न मोजायचा? असं कोन लिहीन. मी एमआयडीसीत पॅनलवर काम करतो, रोज पाहतो असे ड्रॉइंग. रेघेवर रेघ गेली म्हणजे जुळली असं नसते. ताई, ती रेघ त्या आडव्या रेघेच्या वर पण निघते का ते पाहा.

धरमपेठकर
हेच विचारणार होतो. फ्लोचार्टच्या चिन्हांसाठी 1985 चं आयएसओ 5807 आहे, त्यातही रेघा नुसत्या एकमेकींना ओलांडून गेल्या तर त्यांचा संबंध नाही असंच धरतात. जुळणी असेल तर एक रेघ तिथेच संपते, बहुतेक वेळा बाणाच्या टोकानं. तर त्या जागी तीन तोंडं आहेत की चार ते मोजा. तीन असतील तर जुळणी, चार असतील तर ओलांडणी. स्क्रीनशॉट लहान झाला की बाणाचं टोक आधी पुसलं जातं आणि रेघ तेवढी राहते, म्हणून नुसत्या भेटीवर विश्वास ठेवायचा नाही.

बेसा_सोसायटी
चार आहेत. रेघ आडव्या रेघेच्या वर पण जाते आणि मग डावीकडे वळून 6 आणि 7 च्या मधल्या बाणाला टेकते, तिथे बारीकसं काळं टोक दिसतंय. म्हणजे 9 हो → 7. परत पाणी पडतंय का बघायचं. आता अर्थ लागला, मोटर चालू असताना हे तीन प्रश्न फिरत राहायचे.

धरमपेठकर
अगदी. फक्त "हो" हे लेबल चित्रात नव्हतं, दुसरा "नाही" आहे म्हणून हा "हो" असणार असं आपण ठरवलं, तर यादीत त्याच्यापुढे एक खूण ठेवा. दोनच फाटे आहेत आणि एकाचं लेबल आहे म्हणून हे चालतं. दोन्ही कोरे असते तर विचारूनच घ्यावं लागलं असतं.

मिहान_मेघा
माझ्या ऑफिसचं पण असंच आहे, मध्येच विचारते त्याबद्दल सॉरी. रजेच्या अर्जाचा चार्ट आहे, त्यातल्या एका डायमंडमधून तीन बाण निघतात, मंजूर, परत पाठवा, नामंजूर. आणि पानाच्या खाली गोलात "क" लिहिलंय, पुढच्या पानाच्या वर पण गोलात "क". या "क" ला नंबर द्यायचा का? आणि मी तीन बाणांचं "मंजूर तर हे, परत पाठवा तर ते, नाहीतर नामंजूर" असं केलं, चालेल ना?

धरमपेठकर
"क" ला नंबर नको, दोन्ही गोल म्हणजे एकच जागा, बाण पान ओलांडतो एवढंच. पहिल्या पानावरून त्या गोलात जाणारा बाण थेट दुसऱ्या पानावरच्या पुढच्या आकृतीच्या नंबरकडे दाखवायचा. तीन फाट्यांचा डायमंड असेल तर मोजणीत एकाऐवजी दोन जास्तीचे धरायचे. "नाहीतर" मात्र नको. उद्या कोणी "रद्द" असा चौथा शेरा सुरू केला तर तुमच्या लिखाणात तो गुपचूप नामंजूर होईल. तिन्ही नावानिशी लिहा, आणि यापैकी काहीच नसेल तर थांबून विचारा अशी चौथी ओळ वेगळी टाका, चित्रात नाही अशी खूण करून.

मिहान_मेघा
रद्द खरंच सुरू झालंय मागच्या महिन्यापासून! चार्ट मात्र जुनाच आहे. एचआरला विचारते.

हिंगणा_शिफ्ट
ताई तो 13 चा बाण राहिला ना. पाणी भरल्यावर कुठे जाते ते महत्त्वाचं आहे. 2 च्या वर टेकते का खाली?

बेसा_सोसायटी
तेच तर कळत नाही. वरच्या उजव्या कोपऱ्यातून डावीकडे येते आणि 2 नंबरच्या चौकोनाच्या आसपास कुठेतरी संपते. कधी वाटतं चौकोनाच्या वरच्या बाणाला लागते, कधी खालच्या. एवढ्यानं फरक पडेल का? दोन्हीकडून शेवटी 3 लाच तर येतं.

धरमपेठकर
पडेल, या अख्ख्या चित्रात सगळ्यात जास्त तिथेच पडेल. दोन्ही धरून बोटानं चालवून बघा.

आधी समजा 13 → 2. मोटरनं हवा धरली आहे, पाणी चढत नाही. 6 ला सुरू केली, 7 ला नाही, 11 ला बंद केली आणि प्रयत्न झाला 1. 12 ला विचारलं तीन झाले का, नाही. 13 ला पाणी भरलं, 2 ला आलो आणि प्रयत्न परत 0. मग 3, 5, 6, 7, 11 आणि प्रयत्न परत 1. हा आकडा 1 च्या पुढे कधीच जाणार नाही. 14 म्हणजे सेक्रेटरीला फोन, तो कधीच जाणार नाही, आणि काका रात्रभर पाणी भरून कोरडी मोटर दोन-दोन मिनिटं चालवत राहतील.

आता 13 → 3. आकडा पुसला जात नाही. पहिल्यांदा 1, मग 2, मग 3, आणि 12 चा हो मिळतो, फोन जातो.

म्हणजे बाणाचं टोक अर्धा इंच वर की खाली यावर एक अख्खा फाटा जिवंत राहतो किंवा मरतो. अर्थावरून 13 → 3 च असावं, पण मी ते प्रश्नचिन्ह पुसणार नाही. बसवणाऱ्याला हाच एक प्रश्न विचारा, "पाणी भरल्यावर प्रयत्नांचा आकडा शून्यापासून मोजायचा की पुढे?" चित्राबद्दल विचारू नका, त्याच्याजवळ पण तेच धुरकट चित्र असेल.

हिंगणा_शिफ्ट
कोरडी मोटर चालली की आतलं मेकॅनिकल सील तापते, त्याले थंड ठेवाले पाणीच लागते. ते गेलं की शाफ्टजवळून गळती सुरू. म्हणून तर तीनवर थांबवलं त्यानं.

पॉली_थर्ड_इयर
सर मग 4 → 2 चं काय, तिथे पण आकडा शून्य होतो. ते पण 3 पाहिजे ना?

धरमपेठकर
ते ताईंनी स्पष्ट बघितलंय, प्रश्नचिन्ह नाही तिथे. आणि 4 वर तू येतो तेव्हा ती फेरी संपलेली असते, टाकी भरली किंवा संप रिकामा झाला. नवीन फेरीला नवीन मोजणी. 4 → 3 असतं तर सोमवारचा एक फेल आणि गुरुवारचा दुसरा फेल साठत राहिला असता आणि पुढच्या आठवड्यात मोटर जरा अडखळली की लगेच फोन.

पॉली_थर्ड_इयर
ओके. मग 13 → 3 धरून नवीन स्यूडोकोड केला, आता सगळे फाटे आहेत. "फेरी सोड" म्हणजे `break`.

```
कायम:
    प्रयत्न = 0
    फेरी:
        जर टाकी_भरली: फेरी सोड
        जर संप_रिकामा: फेरी सोड
        मोटर सुरू; 2 मिनिटं थांब
        जोपर्यंत पाणी_पडतंय:
            जर टाकी_भरली: मोटर बंद; फेरी सोड
            जर संप_रिकामा: मोटर बंद; फेरी सोड
        मोटर बंद; प्रयत्न = प्रयत्न + 1
        जर प्रयत्न == 3: फोन; संपव
        मोटरमध्ये पाणी भर
    10 मिनिटं थांब
```

धरमपेठकर
वा, हे पहिल्यापेक्षा कितीतरी बरं आहे, आणि कागदावर बरोबर आहे. आता ते सी मध्ये टाकताना आतल्या दोन ओळी बघ. तिथे `break` लिहिलं तर तू फक्त "पाणी_पडतंय" च्या लूपमधून बाहेर येशील, फेरीतून नाही. आणि बाहेर आल्याबरोबर पुढची ओळ कोणती? मोटर बंद, प्रयत्न + 1. म्हणजे टाकी व्यवस्थित भरली तरी एक फेल प्रयत्न मोजला जाईल. चित्रात दोन वेगळे "मोटर बंद" आहेत, 10 आणि 11, ते याचसाठी. एकापुढे आकडा वाढतो, दुसऱ्यापुढे नाही. नाव सारखं दिसलं म्हणून दोन चौकोन एक करायचे नाहीत, तुझ्या कोडमध्ये ते नकळत एक होतात.

भाच्याला मी तरी पायरीचा नंबरच एका व्हेरिएबलमध्ये ठेवायला सांगेन. ताईंच्या यादीची एक ओळ म्हणजे एक `case`.

```c
case 7: step = waterComing()  ? 8  : 11; break;
case 8: step = tankFull()     ? 10 : 9;  break;
case 9: step = sumpHasWater() ? 7  : 10; break;
```

इथला `break` फक्त `switch` मधून बाहेर काढतो, पुढे कुठे जायचं ते `step` ठरवतो. भिंतीवरच्या कागदाचा 9 आणि कोडमधला 9 एकच राहतो, काही अडलं तर काका फोनवर "मी 9 वर आहे" म्हणाले की पोराला लगेच कळतं.

पॉली_थर्ड_इयर
पण सर हे म्हणजे गो-टूच झालं ना, नाव बदलून. प्रॅक्टिकलला नाही चालणार. कोणताही फ्लोचार्ट गो-टूशिवाय लिहिता येतो असं शिकवलंय आम्हाला.

धरमपेठकर
येतो, बोम आणि जाकोपिनी यांनी 1966 मध्ये ते सिद्धच केलंय, पण त्यासाठी कधी कधी जास्तीचा एखादा व्हेरिएबल आणावा लागतो, आणि `step` हा तसलाच आहे. सरांना द्यायला लूपवालं दे, त्यात आतून बाहेर निघताना एक फ्लॅग ठेव. मोटरला नंबरवालं बरं, असं माझं मत.

हिंगणा_शिफ्ट
मी फ्लॅगवालं नाही ठेवत. दोन वर्षानं दुसरा कोणी उघडते तेव्हा त्याले समजत नाही. पण ज्याचं त्याचं.

बेसा_सोसायटी
कोडचं भाच्याला पाठवलं. बसवणाऱ्याला फोन झाला, तो म्हणाला आकडा पुढेच मोजायचा, म्हणजे 13 → 3 नक्की. 20 बाण पूर्ण झाले.

काकांचा कागद मी आज लावायला घेतला. "→ 7" ऐवजी "पायरी 7 वर जा" असं लिहिलं आणि हो-नाही दोन वेगळ्या ओळींवर. त्यांच्याकडून वाचून घेतलं, मी समोर उभं राहून "टाकी भरली नाही", "संपात पाणी आहे" असं सांगत गेले आणि ते बोट पुढे सरकवत गेले, जो फाटा झाला त्यावर मी टिक करत होते, 6 डायमंडचे 12 फाटे. बाराही टिक झाले. दोन गोष्टी मात्र त्यांनी काढल्या. एक, 7, 8, 9 फिरत राहायचं तर किती वेळानं? चित्रात मध्ये थांबा नाही. दर 5 मिनिटांनी असं मी टाकू का? दुसरं, मोटर चालू असताना लाइट गेली तर?

धरमपेठकर
काकांनी नेमकं विचारलं. दोन्ही चित्रात नाहीत, तर 15 ओळींच्या आत नका घुसवू. रेघ मारून खाली "आमची भर" म्हणून वेगळं लिहा, म्हणजे उद्या बसवणाऱ्याशी वाद झाला तर त्यानं दिलेलं कोणतं आणि तुम्ही घातलेलं कोणतं ते कळेल. 5 मिनिटं चालतील का ते संप किती वेळात खाली होतो यावर आहे. संप अर्ध्या तासात रिकामा होत असेल तर ठीक, पण तुमच्याकडे उन्हाळ्यात संपात थोडंच पाणी उरत असेल तर 5 मिनिटंही जास्त होतील.

हिंगणा_शिफ्ट
लाइट गेली की पहिले स्विच बंद करा म्हणाव काकाले, नाहीतर लाइट येते आणि मोटर आपोआप सुरू होते, कोणी पाहाले नसते. मग लाइट आल्यावर 2 पासून.

धरमपेठकर
2 की 3? 2 म्हटलं की आधीचे फेल पुसले. बेसाला मे महिन्यात लाइट तासातासाला जाते-येते, तर हवा धरलेली मोटर तीनपर्यंत कधी पोचणारच नाही.

हिंगणा_शिफ्ट
पण 3 पासून म्हटलं तर काकाले आकडा ध्यानात ठेवा लागन, तो लिहून ठेवतीन कुठे?

बेसा_सोसायटी
मोटरच्या खोलीत पाटी आणि खडू ठेवता येईल आकड्यासाठी. बसवणाऱ्याला लाइटचं विचारते आणि संप किती वेळात उतरतो ते उद्या सकाळी घड्याळ लावून बघते, मग इथे टाकते.